‘लवकर उठून बस मैदानात उभी होती’ : मुलांची अशी वाक्यं कशी दुरुस्त करायची?

निबंधवही

नमस्कार मंडळी. मी नागपुरात महाल भागातल्या एका शाळेत आठवी-नववीला मराठी शिकवते. सहामाहीच्या आधी नववीला ‘आमची सहल’ हा निबंध दिला होता. सहल रामटेकची होती, त्यामुळे प्रत्येकाकडे सांगण्यासारखं भरपूर होतं. निबंध मनापासून लिहिलेले आहेत, शुद्धलेखनही बरं आहे. पण एक दोष जवळजवळ प्रत्येक वहीत दिसतो. एका मुलाचा परिच्छेद देते :

> सकाळी लवकर उठून बस शाळेच्या मैदानात उभी होती. बसमध्ये बसून दोन्ही बाजूंना शेते दिसू लागली. रामटेकला पोहोचून गडावर खूप माकडे होती. पायऱ्या चढताना माकडाने माझ्या हातातली केळी हिसकावली. वर जुन्या दगडांच्या भिंतीवर सुंदर नक्षी होती. खाली बघून अंबाळा तलाव खूप छान दिसत होता. आम्ही फक्त मंदिरात फोटो काढले.

बस लवकर उठली, शेतं बसमध्ये बसली, तलावाने खाली बघितलं, असा अर्थ होतो. मुलाला काय म्हणायचंय ते मला कळतं, त्याच्या आईलाही कळेल. म्हणूनच त्याला यात काही चुकलंय हे पटत नाही. लाल रेघ मारून बाजूला ‘वाक्यरचना’ असं लिहिलं, तर त्यातून त्याला काय बदलायचं ते समजत नाही आणि पुढच्या निबंधात तेच वाक्य नव्या विषयावर येतं.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. मुलाला स्वतःचं वाक्य स्वतः तपासता येईल अशी एखादी सोपी कसोटी, आणि चूक सापडल्यावर वाक्यात नेमकं कुठे हात घालायचा ते.

बर्डीचे_सर

मॅडम, यात अवघड काहीच नाही. ‘ऊन’ लावलेल्या क्रियेचा कर्ता आणि वाक्याच्या शेवटच्या क्रियापदाचा कर्ता एकच असला पाहिजे. ‘मी उठून दात घासले’ बरोबर, कारण उठणारा मी आणि घासणारा मी. ‘उठून बस उभी होती’ चूक, कारण उठणारे आम्ही आणि उभी असणारी बस. हाच नियम ‘ताना’ला लावा. ‘चढताना माकडाने केळी हिसकावली’ हेही त्यामुळे चूकच. मी मुलांकडून हा नियम पाठ करून घेतो आणि मोडला की अर्धा गुण कापतो. त्याशिवाय मुलं लक्ष देत नाहीत.

भाचीचा_मामा

माझी भाची धरमपेठेत इंग्रजी माध्यमात आठवीला आहे. तिच्या वहीत टीचरनी याच प्रकारच्या वाक्याला गोल केलाय. तिनं लिहिलं होतं, ‘वॉकिंग टू स्कूल, द रेन स्टार्टेड’. मला वाटलं, पावसाचं स्पेलिंग वगैरे चुकलं असेल. पण तसं नव्हतं. इथे सगळे मराठीबद्दल बोलताय, पण ही मूळची इंग्रजीचीच भानगड ना? आपण ‘शाळेत जाताना पाऊस आला’ म्हणतो, त्याला कोणी हसत नाही. मग मराठीच्या वहीत ही चूक कशाला काढायची?

मुद्रितशोधक

मी अनेक वर्षं वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली, आता निवृत्त आहे. हा दोष फक्त मुलांच्या वह्यांत नसतो. बातम्यांमध्ये, सरकारी पत्रांमध्ये, चांगल्या लेखकांच्या पहिल्या खर्ड्यातही तो असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मामांच्या प्रश्नाबद्दल, कारण खरी गाठ तिथेच आहे. ‘शाळेत जाताना पाऊस आला’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. ‘शाळेत जाऊन पाऊस आला’ हे मात्र मोडलेलं आहे. म्हणजे आपल्याकडे ‘ताना’ आणि ‘ऊन’ यांची वागणूक वेगळी आहे. ‘ताना’ला स्वतःचा वेगळा कर्ता चालतो. ‘मी शाळेत जाताना पाऊस आला’ असं ‘मी’ घालून वाचा, कान कुठे अडत नाही. आता ‘मी शाळेत जाऊन पाऊस आला’ वाचा. लगेच अडतो.

इंग्रजीत ‘वॉकिंग’सारखं रूप वाक्याच्या सुरुवातीला आलं की ते पुढच्या कर्त्याला जाऊन चिकटतं. तिथे ते आपल्या ‘ताना’इतकं सैल नाही. तुमची भाची मनात ‘शाळेत जाताना पाऊस आला’ असं बरोबर वाक्य जुळवते आणि ते तसंच इंग्रजीत नेते. तिला सांगा, इंग्रजीत चालणाऱ्याला बोलावून वाक्यात उभं करायचं : ‘व्हाइल आय वॉज वॉकिंग टू स्कूल, इट स्टार्टेड रेनिंग’.

आता ताईंची कसोटी. ज्या तुकड्याबद्दल शंका आहे त्याच्या आधी, ती क्रिया खरोखर करणाऱ्याचं नाव लिहा आणि पूर्ण वाक्य मोठ्याने वाचा. बाकी काही करू नका.

‘आम्ही लवकर उठून बस मैदानात उभी होती.’ मोडलं.
‘आम्ही रामटेकला पोहोचून गडावर खूप माकडं होती.’ मोडलं.
‘मी पायऱ्या चढताना माकडाने माझ्या हातातली केळी हिसकावली.’ टिकलं.

मुलाला व्याकरणातलं एकही नाव ठाऊक नसलं तरी ही कसोटी करता येते, कारण मराठी त्याच्या कानात आहे. वाचताना मनातल्या मनात वाचलं तर मात्र उपयोग नाही. डोळा ‘आम्ही’वरून पुढे घसरतो आणि अर्थ आपोआप भरून घेतो. मोठ्याने वाचायला लावा.

चूक का होते तेही बघण्यासारखं आहे. आपण बोलताना ‘मी’, ‘आम्ही’ गाळतो, कारण क्रियापद ते सांगत असतं. ‘लवकर उठलो’ म्हटलं की ‘लो’मध्ये बोलणारा आला. पण ‘उठून’मध्ये कोणीच नाही. मी, तू, ती, बस, सगळ्यांसाठी ‘उठून’ एकच. बोलायच्या सवयीने मूल ‘आम्ही’ गाळतं आणि क्रियापदाच्या शेवटातूनही ‘आम्ही’ निघून गेलेलं असतं. वाक्यात माणूस उरतच नाही. मग वाचणारा जवळ जे नाम दिसेल त्याच्या गळ्यात ती क्रिया घालतो. इथे जवळ बस उभी होती.

निबंधवही

हे फार उपयोगी पडलं, काका. ‘उठलो’मध्ये माणूस आहे आणि ‘उठून’मध्ये नाही, हे फळ्यावर दोन शब्द लिहूनच दाखवता येईल.

पण दुरुस्तीचं काय? ‘आम्ही’ घालून वाक्य मोडतं हे मुलाला कळलं, तरी तो पुढे काय करेल? माझा अनुभव असा की मूल ‘उठून’च्या जागी ‘उठल्यावर’ लिहून मोकळं होतं. ‘आम्ही लवकर उठल्यावर बस मैदानात उभी होती.’ वाक्य मोडत नाही, पण गोडही लागत नाही.

मुद्रितशोधक

बरोबर पकडलंत. ‘ल्यावर’ला वेगळा कर्ता चालतो, त्यामुळे कान अडत नाही. पण उठल्याबरोबर मैदानात बस कशी दिसली? मूल काय घरातून मैदान बघत होतं? इथे अर्थाला भोक पडलंय, आणि ते ‘ऊन’ बदलून बुजत नाही.

तुमच्या मुलाची वाक्यं एकाखाली एक ठेवून बघा. उठून... पुढे काय केलं? शाळेत गेलो. पोहोचून... काय केलं? गडावर चढलो, तिथे पाहिलं. प्रत्येक ठिकाणी मधलं एक क्रियापद गळालेलं आहे. ‘ऊन’ पुढच्या क्रियेची वाट बघत असतं. मुलाच्या मनात ती क्रिया झालेली असते, पण हात एकदम त्यापुढच्या दृश्यावर जातो. म्हणून मुलाला एकच प्रश्न विचारा : ‘उठून तू काय केलंस?’ तो म्हणेल, ‘शाळेत गेलो.’ त्याला म्हणा, तेच लिही.

‘आम्ही लवकर उठून शाळेत गेलो, तेव्हा बस मैदानात उभी होती.’

‘उठून’ जागचं हललं नाही. त्याला फक्त त्याचं क्रियापद मिळालं. तिसऱ्या वाक्याचंही तसंच : ‘रामटेकला पोहोचून आम्ही गडावर गेलो. तिथे खूप माकडं होती.’ एकाच वाक्यात सगळं कोंबलंच पाहिजे असं नाही. नववीच्या मुलाने पूर्णविराम देऊन दोन वाक्यं केली तर मला ती जास्त आवडतील.

दुसरं वाक्य जरा वेगळं आहे. ‘बसमध्ये बसून तू काय केलंस?’ असं विचारलं तर मूल गोंधळेल, कारण त्याने काहीच केलं नाही, बस सुटली. शेतं दिसायला लागली ती बसल्यामुळे नव्हे, बस गावाबाहेर पडल्यामुळे. तेव्हा ‘बसमध्ये बसून’ काढून टाकायचं आणि खरी घटना लिहायची : ‘बस शहराबाहेर पडल्यावर दोन्ही बाजूंना शेतं दिसू लागली.’ आणि तलावाच्या वाक्यात ‘बघून’ऐवजी ‘बघितलं की’ पुरेल : ‘वरून खाली बघितलं की अंबाळा तलाव खूप छान दिसत होता.’ इथे बघणारा कोणीही असू शकतो, म्हणून ‘आम्ही’ घातलं नाही तरी चालतं.

म्हणजे चार चुका दिसायला एकसारख्या, पण दोन ठिकाणी गळालेलं क्रियापद परत आणायचं, एका ठिकाणी घटनाच बदलायची आणि एका ठिकाणी नुसतं रूप बदलायचं. यासाठीच बाजूला ‘वाक्यरचना’ लिहून भागत नाही.

बर्डीचे_सर

काकांनी ‘ताना’ला सूट दिली ती मला मान्य नाही. ‘चढताना माकडाने केळी हिसकावली’ यात चढणारं माकडही असू शकतं. परीक्षेत संदिग्ध वाक्य म्हणजे चूक वाक्य.

आणि मूळ नियम तर पक्काच आहे. कर्ता एक नसेल तर ‘ऊन’ चालत नाही. काल एका मुलीने लिहिलं, ‘पत्र वाचून आईला रडू आले.’ वाचणारी आई, पण ‘आले’चा कर्ता ‘रडू’. मी खूण केली. नियम म्हणजे नियम.

मुद्रितशोधक

सर, माकडाबद्दल तुमचं म्हणणं निम्मं मान्य. वाक्य चूक नाही, पण दोन अर्थांचं आहे, आणि ‘मी’ घातल्यावर एकच अर्थ उरतो. तेवढं घालायला सांगावं, गुण कापू नये.

त्या मुलीच्या वाक्यावरची खूण मात्र काढा, ही कळकळीची विनंती. ‘पत्र वाचून आईला रडू आलं’ हे घराघरात बोललं जाणारं शुद्ध मराठी आहे. ‘तुला बघून मला आनंद झाला’, ‘ते ऐकून त्याला राग आला’, ‘चालून चालून तिला तहान लागली’. या सगळ्यांत व्याकरणाचा कर्ता आनंद, राग, तहान. पण ज्याला ते होतं तो माणूस ‘ला’ लावून वाक्यात हजर आहे, आणि ‘ऊन’ त्याच्याशी जोडलं जातं. मराठीत भूक, झोप, आठवण, भीती हे सगळं आपल्याला ‘होतं’, ‘लागतं’, ‘येतं’. तिथे ‘ऊन’ कर्त्याचं नाव बघत नाही, अनुभव घेणारा बघतं. ‘आम्ही’ची कसोटी इथेही वापरता येते, फक्त माणूस त्याच्या रूपात राहू द्यायचा : ‘आईला पत्र वाचून रडू आलं.’ कान अडला नाही.

यापुढची एक जागा तर अशी आहे की कर्ता सरळसरळ वेगळा असूनही ‘ऊन’ चालतं. बातम्यांत रोज यायचं : ‘वीज पडून झाड जळाले’, ‘भिंत कोसळून गाडीचे नुकसान’. पडली वीज, जळालं झाड. तरी एकही वाचक अडत नाही. कारण पहिली गोष्ट कोणी मुद्दाम केलेली नाही, ती आपोआप घडली, आणि दुसरी तिच्यामुळे घडली. ‘पाऊस पडून चिखल झाला’ तसंच. पण पहिली क्रिया माणसाने ठरवून केलेली असली की ही मोकळीक संपते. ‘सहलीला जाऊन चिखल झाला’ म्हणता येत नाही. काळ मोजतानाही असंच : ‘मला नागपुरात येऊन दहा वर्षं झाली’. आलो मी, झाली वर्षं, आणि वाक्य ठणठणीत.

तेव्हा ‘कर्ता एकच’ हा नियम सुरुवातीला धरायला ठीक आहे. त्यावर गुण कापायला लागलो तर चांगली वाक्यंही लाल होतील.

काटोल_रोड

मी काही मास्तर नाही. काटोल रोडवर माझं किराणा दुकान आहे. पण हे वाचून राहिलो होतो तर मले माह्या अर्जाची आठवण आली. परवान्याची पावती गहाळ झाली होती म्हणून एका ऑफिसात अर्ज दिला. लिहिलं होतं, ‘मूळ पावती हरवून मला दुसरी प्रत देण्यात यावी.’ टेबलावरचे साहेब म्हणाले, ‘आम्ही तुमची पावती हरवायची काय?’ अर्ज परत. मले काहून परत केला तेच समजलं नव्हतं, मी म्हटलं सही चुकली असेल. आता समजून राहिलं. हे तेच ना?

आणि दुसरी गोष्ट. तुम्ही सगळे ‘ऊन’च्या मागे लागले, पण आपल्या इकडे तर ‘मी जेवून राहिलो’, ‘पोरगं अभ्यास करून राहिलं’ असंच बोलतात. ते पण चूक समजायचं का?

मुद्रितशोधक

भाऊ, अगदी तेच. ‘देण्यात यावी’ म्हटलं की देणारा वाक्यात दिसत नाही, पण तो कार्यालयाचा माणूस आहे हे सगळ्यांना माहीत असतं. ‘हरवून’ आपसूक त्याच्याकडे गेलं. ‘अर्ज तपासून दुसरी प्रत देण्यात यावी’ लिहिलं असतं तर बरोबर होतं, कारण तपासणाराही तोच आणि देणाराही तोच. तुमची पावती तुमच्याकडून हरवली, म्हणून ते वेगळं सांगायचं : ‘माझी मूळ पावती हरवली आहे. कृपया दुसरी प्रत द्यावी.’ अर्जात असे छोटे दोन तुकडे केव्हाही चांगले.

‘जेवून राहिलो’ मात्र पूर्ण वेगळं आहे. तिथे ‘जेवून’ आणि ‘राहिलो’ मिळून एकच क्रियापद झालंय, पुण्याकडचे ‘जेवतोय’ म्हणतात तेवढ्याच अर्थाचं. करणारा ‘राहिलो’मध्ये बसलेला आहे, लोंबकळत काहीच नाही. ते आपल्या भागाचं बोलणं आहे.

निबंधवही

काटोल रोडवाल्या भाऊंनी फार मोलाची गोष्ट काढली. माझ्या वर्गात ‘आम्ही गडावर जाऊन राहिलो होतो आणि पाऊस सुरू झाला’ असं वाक्य आलंय. नागपूरच्या बाहेरचा परीक्षक याचा अर्थ ‘गडावर जाऊन मुक्काम केला’ असा घेईल. मुलाला म्हणायचंय ‘जात होतो’. म्हणजे हा ‘ऊन’चा दोष नाही, बोलीतलं रूप लेखी परीक्षेत गेलंय. दोन्हींना एकच लाल रेघ दिली तर मुलाला वाटेल की घरी बोलतात ते सगळंच चूक. मी आता बाजूला ‘लिहिताना : जात होतो’ एवढंच लिहीन.

एक राहिलं. ‘जुन्या दगडांच्या भिंतीवर’ आणि ‘फक्त मंदिरात’ यांच्याबद्दल कोणी बोललं नाही.

भाचीचा_मामा

‘जुन्या दगडांच्या भिंतीवर’मध्ये काय चुकलं? मला तर बरोबर वाटतंय. गड जुना, दगड जुने, भिंत जुनी.

दुकानाची_पाटी

मी पाट्या रंगवतो, म्हणून यावर बोलतो. ‘शुद्ध गाईचे तूप’ ही पाटी लोक मला अशीच लिहून आणून देतात. मी दरवेळी म्हणतो, ‘गाईचे शुद्ध तूप’ करू. काहींना पटतं, काही म्हणतात नको, लोकांना सवय झालीय. पण ‘ताजे म्हशीचे दूध’ रंगवताना मला कधी खटकत नाही. का ते सांगता येत नव्हतं.

मुद्रितशोधक

तुमच्या कानाने अचूक पकडलंय. ‘ताजे’चा शेवटचा ‘ए’ दुधाकडे बोट दाखवतो. म्हैस ताजी असती तर ‘ताज्या म्हशीचे’ झालं असतं. म्हणजे शब्द आपल्या नामापासून लांब असला तरी त्याचं रूप सांगतं की तो कोणाचा. ‘शुद्ध’ला असं बदलणारं रूपच नाही. ते गाईलाही तसंच, तुपालाही तसंच. म्हणून ते ज्याच्या शेजारी, त्याचं होऊन बसतं. सुंदर, लाल, गरम, स्वच्छ, थोर, हे सगळे असेच. ‘थोर नेत्याचा मुलगा’ यात थोर कोण, हे फक्त जागेवरून ठरतं.

आता भिंतीकडे या. ‘जुनी दगडांची भिंत’ म्हटलं तर भिंत जुनी. ‘जुन्या दगडांची भिंत’ म्हटलं तर दगड जुने, भिंत कदाचित मागच्या वर्षी बांधलेली. इथवर रूप आपल्याला वाचवतं. पण भिंतीला ‘वर’ लागलं की दोन्ही ‘जुन्या’ होतात. ‘जुन्या दगडांच्या भिंतीवर’ यात कोण जुनं ते रूपावरून कळायची सोय संपली. मामांना सगळंच जुनं वाटलं ते त्यामुळेच. गडावर खरोखर सगळंच जुनं आहे म्हणून नुकसान झालं नाही. ‘जुन्या पुस्तकांच्या दुकानात’ म्हटलं की प्रश्न उभा राहतो. बर्डीवर जुनी पुस्तकं विकणारी दुकानं आहेत, आणि नवी पुस्तकं विकणारं एखादं जुनं दुकानही असू शकतं.

उपाय सोपा आहे. नामाला ‘वर’, ‘त’, ‘ला’ असं काही लागलं असेल, तर विशेषण उचलून त्याच्या नामाला चिकटवून ठेवायचं : ‘दगडांच्या जुन्या भिंतीवर’. मुलाला विचारायचं, जुनं काय? भिंत. मग ‘जुन्या’ भिंतीशेजारी बसव.

‘फक्त’साठी फार लिहीत नाही. बोलताना आपण आवाजाचा जोर देऊन सांगतो, वहीत तो जोर उमटत नाही. आपल्याकडे ‘च’ आहे, तो शब्दालाच जाऊन बसतो. ‘मंदिरातच फोटो काढले’ म्हणजे बाकी कुठे नाही. ‘मंदिरात फोटोच काढले’ म्हणजे दर्शन वगैरे नाही. मुलाने ‘च’ लावला की चूक व्हायला जागाच राहत नाही.

बर्डीचे_सर

आईच्या वाक्यावरची खूण काढली, मुलीला बोलावून सांगितलंही. पण मला एक सांगा काका. आज एकाने लिहिलं, ‘निकाल ऐकून घरात शांतता पसरली.’ इथे ‘ला’वाला माणूसही नाही आणि वीज पडण्यासारखं आपोआप घडलेलंही नाही. ऐकणं माणसाचं. तुमच्याच हिशेबाने हे मोडायला हवं. पण असं वाक्य छापील मराठीत सर्रास दिसतं.

मुद्रितशोधक

दिसतं, खरं आहे. माझ्या टेबलावर आलं असतं तर मी ‘निकाल ऐकून घरातले सगळे गप्प झाले’ असं केलं असतं. ‘घरात’ म्हटल्यावर घरातली माणसं मनात येतात आणि ‘ऐकून’ त्यांना धरून उभं राहतं, म्हणून पुष्कळांचा कान अडत नाही. ‘पत्र वाचून आईचे डोळे भरून आले’ मी स्वतः कधीच बदललेलं नाही, कारण डोळे आईचे आणि आई वाक्यात आहे. शांतता कोणाची? तिथे माझा कान अडतो.

निबंधवही

माझा अडत नाही. मी हे वाक्य चालवून घेईन.

बर्डीचे_सर

मग परीक्षकाने काय करायचं? एका वहीत गुण जाणार आणि दुसऱ्या वहीत मिळणार. माझ्या मते मुलांना या काठावरच्या वाक्यांपासून दूरच ठेवावं.

मुद्रितशोधक

गुणांचा प्रश्न तुम्ही दोघांनी शाळेत बसून ठरवा, मी त्यात पडत नाही. मुलाने जर ‘सगळे गप्प झाले’ असं लिहिलं तर कोणाचाच कान अडणार नाही, एवढं त्याला दाखवायला हरकत नाही.

काटोल_रोड

मी पण एक विचारून घेतो. पोरगी दहावीत आहे. तिनं लिहिलंय, ‘मी बसमधून उतरताना मैत्रिणीला पाहिले.’ उतरली कोण? मी तिले विचारलं तर म्हणते, मैत्रीण.

निबंधवही

भाऊ, तिला सांगा, ज्याची क्रिया त्याच्याजवळ नेऊन लिही : ‘मैत्रीण बसमधून उतरताना मला दिसली.’ आणि स्वतः उतरत असेल तर ‘मी बसमधून उतरत होते तेव्हा मला मैत्रीण दिसली.’ तिने लिहिलेल्या वाक्यात पहिल्यांदा वाचताना बहुतेक जण ‘मी उतरताना’ असंच वाचतील, कारण ‘मी’ त्याच्या शेजारी आहे.

भाचीचा_मामा

भाचीला इंग्रजीतलं समजावलं. ती म्हणते, मग ‘व्हाइल वॉकिंग टू स्कूल, इट स्टार्टेड रेनिंग’ असं चालेल का? ‘व्हाइल’ तर घातलं.

मुद्रितशोधक

नुसतं ‘व्हाइल’ घालून माणूस येत नाही. चालणारा अजून बाहेरच आहे. ‘आय वॉज’ हवंच. बोलण्यात लोक म्हणतात आणि समजूनही घेतात, पण वहीत टीचर पुन्हा गोल करतील.